जुनी भाड्याची सदनिका: आधी बाथरूम, किचन की नुसता रंग?

जुनी_खिडकी
पंचवीसेक वर्षांची सदनिका आहे, भाडेकरू महिनाअखेर सोडताहेत. हिशेब सोपा जावा म्हणून आताचं मासिक भाडं १०० धरते. आलेले अंदाज असे: रंग, दिवे आणि नळ मिळून २००, भाडं ४ नं वाढेल. बाथरूम तोडून नवं केलं तर ४००, वाढ ८. मॉड्युलर किचन ८००, वाढ १०. वाढीचे आकडे एजंटचे. बाथरूमच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने हातभर उंचीपर्यंत पोपडे आलेत. ५०० सहज घालू शकते, ८०० ओढूनताणून. आधी काय करावं?

गेरू
किचन. लोक फोटो बघून येतात आणि किचनचा फोटो आधी बघतात. बाथरूमला जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवा, तोडफोड वाचेल आणि निम्म्यात काम होईल.

ओळंबा
फोटोचं म्हणणं खरं आहे. टाइलवर टाइल मात्र इथे नको. गळती खालच्या थरात किंवा फरशीवरचं पाणी जिथून निचरतं त्या नहाणी ट्रॅपच्या कडेला असेल, तर ती झाकली जाईल, थांबणार नाही. शिवाय फरशी दीड सेंटीमीटरच्या आसपास वर येते. मग दार घासतं आणि उंबऱ्याची उंची कमी होऊन पाणी बाहेर येतं.

आता आकडे. खर्चाला वाढीने भागलं की पैसे वसूल व्हायला लागणारे महिने मिळतात: रंग ५०, बाथरूम ५०, किचन ८०. पण कामाच्या काळात घर रिकामं राहतं, तेही खर्चातच धरा. बाथरूमला महिना लागला तर ५०० भागिले ८, म्हणजे ६२ महिन्यांवर. रंगाला आठवडा, म्हणजे २२५ भागिले ४, साधारण ५६.

भाडेकरूला घर आवडणं हा वेगळा हिशेब आहे. तो भाडं किती वाढलं यापेक्षा घर किती लवकर गेलं यात दिसतो. ४ टक्के वाढ म्हणजे वर्षाला ४८, साधारण १४ दिवसांचं भाडं. घर पंधरा दिवस जास्त रिकामं राहिलं की त्या वर्षाची सगळी वाढ गेली. पोपडे आलेली भिंत बघून परत गेलेला माणूस तुमच्या कोष्टकात कुठेच येत नाही.

आणि ओल न थांबवता रंग दिलात, तर तो काही महिन्यांत सुटतो. म्हणजे रंगाचे ५६ महिने कागदावरच राहणार. ओलीचं काम दुरुस्ती म्हणून वेगळं धरा, त्यातून भाडेवाढीची अपेक्षा नको.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर बहुधा भिंतीतला पाइप गळतोय, तेवढीच रेघ उघडायची. काटा स्थिर असेल तर नहाणी ट्रॅपला बूच लावा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं पाणी भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा आणि २४ तास थांबा. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा.

थेंब
आमच्याकडे मॉड्युलर किचन बारा वर्षं उत्तम आहे. ते टिकत नाही असं का म्हणता?

ओळंबा
तसं म्हटलं नाही. पण तुम्ही स्वतः राहता, सिंकखाली थेंब दिसला की त्याच दिवशी पुसता. भाड्याच्या घरात तो थेंब महिनाभर तसाच राहतो आणि पार्टिकल बोर्ड असेल तर फुगतं. म्हणून ओटा ठेवून फक्त सिंक, नळ आणि वॉटरप्रूफ प्लायच्या झडपा बदलण्याचा वेगळा अंदाज मागवा. फोटोत फरक जवळपास तेवढाच दिसतो.

गेरू
ओटा जुना राहिला तर एजंट १० वाढ देणार नाही.

ओळंबा
नाहीच देणार. ६ मिळाली आणि खर्च २५० आला तरी ४२ महिने होतात, ८० नाही.

जुनी_खिडकी
मीटर स्थिर. २४ तासांत पाणी ३ मिलिमीटर उतरलं, भिंत मात्र तशीच आहे. म्हणजे फरशी गळतेय?

ओळंबा
एवढ्यावरून सांगता येत नाही, काही पाणी नुसतं उडूनही जातं. पुन्हा भरताना शेजारी पसरट भांड्यात पाणी ठेवा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर फरशी नाही, ट्रॅपखालचा निचऱ्याचा जोड किंवा शॉवरमागच्या भिंतीच्या सांधी बघायच्या. फरशीत जास्त उतरलं तर फरशी आणि भिंतीच्या खालच्या फूटभर टाइल्स काढायच्या, वॉटरप्रूफिंग भिंतीवर तेवढंच वर घ्यायचं, आणि टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून बघायचं. वरच्या टाइल्स नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजत नसतील तर राहू द्या, ४०० चा अंदाज बराच खाली येईल.

जुनी_खिडकी
आणि पोपड्यांची भिंत? नवे भाडेकरू लगेच आले तर?

ओळंबा
ओलीच्या रेघेच्या वर फूटभर प्लास्टर काढून नवं करा. ते वाळायला काही आठवडे लागतात. तेवढा पट्टा सोडून बाकी रंगवा आणि पट्टा नंतर रंगवून देऊ असं करारात लिहा.