मदत हवी आहे: क्रिएटिनिन २.१ आणि डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन

जळगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केळीच्या बागेत भर उन्हात राबलेले ६० किलोचे एक बाबा उलट्या आणि अंगदुखी घेऊन दाखल झालेत. क्रिएटिनिन २.१, युरिया ८४. एसजीओटी ९२, पण एसजीपीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल. म्हणजे ही वाढ लिव्हरची नसून स्नायूंची असेल का?

सहा तासांत लघवी फक्त ११० मिली, तीही काळ्या चहासारखी. तासाला किलोमागे अर्धा मिली धरला तरी १८० हवी होती. आणि केसपेपरवर दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक लिहिलंय, ज्याने किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. मी डोस थांबवून डॉक्टरांना कळवलंय. ताई-दादांनो, सीपीके आणि पोटॅशियमबद्दलही विचारू का? बाबांची फार काळजी वाटतेय.