विषय: आईचं ऑक्सिजन मशीन, न्यूअर्क ते मुंबई: बॅटऱ्या किती?

वैशाली:
नमस्कार मंडळी,
आई पुढच्या महिन्यात थेट विमानाने परत निघते आहे. अंदाजे 15 तास. तिला पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर लागतो, पल्स मोडवर 2 नंबर. आमच्याकडे मोठ्या बॅटऱ्या तीन आहेत, एक मशीनमध्ये आणि दोन जादा. एवढ्या पुरतील का?

प्रकाश:
वैशाली, मशीनवर एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, निकषांत बसतं असं लाल अक्षरांत छापलेलं असेल तर काळजी नाही. वेगळी परवानगी लागत नाही. सीटखाली प्लग असतो, त्यावर चालवा. बॅटऱ्या फक्त अडीअडचणीला.

अंजली:
प्रकाशदादा, लाल अक्षरांचं बरोबर आहे, ते लेबल आधी बघायचंच. पण त्याने मशीन विमानात चालवायला योग्य आहे एवढंच ठरतं. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या नियमांत कंपनी 48 तास आधी कळवायला सांगू शकते, आणि विमानाच्या अपेक्षित कमाल वेळेच्या दीडपट पुरेल एवढी बॅटरी मागू शकते. डॉक्टरांचा फॉर्मही बहुतेक कंपन्या मागतात. प्लगवर विसंबू नका. तो बिघडलेला असू शकतो, कमी वॅटचा असू शकतो, आणि उड्डाण-उतरताना बंदही ठेवतात. दीडपट बॅटरी दाखवायची असते तेव्हा तो धरत नाहीत.

वैशाली, आता तुझा हिशोब. 15 तासांचे दीडपट साडेबावीस तास. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. 14.4 व्होल्ट गुणिले 10 केले तर 144. 100 ते 160 वॅट-तासांच्या जादा बॅटऱ्या कंपनीच्या संमतीने नेता येतात, पण दोनच. तुझ्या बॅटऱ्या अशा असतील आणि एकेक साडेसहा तास चालत असेल, तर तिन्ही मिळून साडेएकोणीस तास होतात. तीन तास कमी पडतात, आणि तिसरी जादा मोठी बॅटरी नियमच घेऊ देत नाही.

वाट निघते ती लहान बॅटऱ्यांनी. 14.4 गुणिले 6.8 म्हणजे 98 च्या आत. 100 च्या खालच्या बॅटऱ्यांना दोनची मर्यादा नाही. मोठ्या तीन आणि ही एक, सुमारे साडेचार तासांची, मिळून 24 तास होतात. तुझ्या मशीनची बॅटरी त्या मापात मिळते का ते विक्रेत्याला विचार. जादा बॅटऱ्या केबिनमध्येच, चेक-इनच्या सामानात नाहीत. प्रत्येकीची टोकं टेप लावून किंवा वेगळ्या पिशवीत झाकायची.

साडेसहा तास हा माहितीपत्रकातला आकडा असेल तर त्यावर जाऊ नको. पल्स मशीन श्वासागणिक झटका देतं, म्हणून श्वास जलद तर बॅटरी लवकर उतरते. जुनी बॅटरीही दगा देते. आईंना लावून एकेक पूर्ण चार्ज बॅटरी संपेपर्यंत चालव, वेळ लिहून ठेव.

दिलीप:
झोपेत श्वासनलिका उघडी ठेवायला हवा देणाऱ्या माझ्या सीपॅप मशीनलाही हेच नियम का? ह्युमिडिफायर सोडून बॅटरीवर चालवतो मी, पाणी घरीच ओतून टाकतो. तीन बॅटऱ्या नेणार आहे.

अंजली:
दिलीपकाका, हा धागा ऑक्सिजनचा आहे, पण वॅट-तासांचे नियम तुम्हालाही तेच. ह्युमिडिफायर बंद ठेवता ते उत्तम, सगळ्यात जास्त वीज तोच खातो. तीनही 100 च्या वरच्या असतील तर मात्र एक मशीनला जोडलेली असायला हवी, तीन जादा चालणार नाहीत.

वैशाली:
अंजलीताई, डॉक्टरांनी लिहिलंय "2 लिटर". मशीनवर 2 लावला तर तेवढंच ना?

अंजली:
नाही गं. पल्सचा 2 म्हणजे मिनिटाला 2 लिटर नव्हे, तो त्या मशीनचा क्रमांक आहे. आणि केबिनमधली हवा सुमारे 8000 फूट उंचीवरच्यासारखी विरळ होऊ शकते, त्यामुळे जमिनीवर पुरणारा 2 विमानातही पुरेल असं धरता येत नाही. झोपेत तोंडाने श्वास घेतला तर काही मशीनना श्वास ओळखताच येत नाही, आणि अलार्म वाजतो. डॉक्टरांकडून उड्डाणातला क्रमांक लिहून घे. 3 निघाला, तर बॅटरी लवकर संपेल आणि वरचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

प्रकाश:
मग वैशाली, तिकीट कोडशेअरचं असेल तर परवानगी कोणाकडून?

वैशाली:
विमान चालवणारी कंपनी वेगळी आहे, तिकीट दुसरीचं. दोन्हीकडे फॉर्म टाकलेत. एकीकडून उत्तर आलं, दुसरी म्हणते आम्हाला कागद मिळालेच नाहीत.

अंजली:
चालवणाऱ्या कंपनीचा शब्द अंतिम. त्यांच्या वैद्यकीय विभागाला थेट पाठव आणि मंजुरी बुकिंग क्रमांकासह लेखी घे. छापून हातात ठेव, काउंटरवर तेच विचारतात. नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोच.