प्रतिसाद: खटका आणि पूल

बेफाम सुटलेली ट्रॉली रुळावरच्या पाच जणांकडे चालली आहे. एका प्रसंगात खटका ओढला, तर ती बाजूच्या रुळावर वळते आणि तिथला एकटा माणूस मरतो. दुसऱ्यात पुलावरच्या एका माणसाला खाली ढकललं, तर त्याच्या शरीराने ती थांबते. त्यावरचा प्रश्न असा:

«दोन्हीकडे एक मरतो, पाच वाचतात. मग खटका ओढणं चालतं आणि पुलावरून ढकलणं का नाही?»

नुसता परिणाम मोजणाऱ्याला फरक दिसणारच नाही, हिशोब तोच आहे. कर्तव्यवादी, म्हणजे परिणामापेक्षा कृती मुळात योग्य आहे का हे पाहणारा, मात्र वेगळी चाचणी लावतो: तो एकटा माणूस तिथे नसता, तर बेत यशस्वी झाला असता का? खटक्याच्या प्रसंगात हो, ट्रॉली रिकाम्या रुळावर गेली असती. पुलावर नाही, कारण तिथे त्याचं शरीरच ब्रेक आहे. म्हणजे तो साधन म्हणून वापरला जातो.

पण इथेच थांबू नका. तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी 1985 मध्ये खटक्याच्या प्रसंगात बाजूचा रूळ वळवून पुन्हा पाच जणांकडे आणला. आता तो एकटा आडवा आला तरच ट्रॉली थांबते, म्हणजे तोही साधनच. तरीही खटका ओढणं त्यांना गैर वाटलं नाही, आणि माझ्या मते चाचणीला हा खरा धक्का आहे.

चर्चेत हमखास फसतं ते एका ठिकाणी: «एवढ्या शरीराने ट्रॉली थांबेल कशी?» ही शंका मनात राहिली, तर नकार परिणामवादीही देईल. म्हणून थांबण्याची खात्री आधीच गृहीत धरा, आणि ढकलण्याऐवजी पायाखालची झडप खटक्याने उघडते असं मांडा. तरीही नकार आला, तर तो हात लावण्याच्या किळसेतून आलेला नाही.