मदत हवी आहे: ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवरचा पांढरा थर जात नाही

उंबरठा
खिडक्यांच्या चौकटींवर खडूसारखा पांढरा थर आलाय. साबणाच्या पाण्याने तीनदा पुसल्या. ओल्या असेपर्यंत छान दिसतात, वाळल्या की पुन्हा तशाच. काल व्हिनेगर लावून भांड्यांच्या हिरव्या घासणीने जोर लावून घासलं, तर तिथे एक ढब्बा पडला आणि तो आता बाकीच्यापेक्षा वेगळाच दिसतोय. रविवारपर्यंत उरकायचं आहे. नेमकं काय लावू, तेवढं सांगा.

रानजाई
चौकटींचा रंग कोणता? साध्या चंदेरी आहेत की रंगीत?

दगडीपाटा
संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात मिसळा, ब्रशने लावा, दोन मिनिटांनी धुवा. आमच्या खिडक्या मी अशाच केल्या. पांढरं काही शिल्लक राहिलं नाही.

घडीव
उंबरठा, ते ॲसिड कृपया लावू नका. त्याने पांढरा थर विरघळतो हे खरं आहे, पण ते तिथे थांबत नाही, खालचा धातूही खातं. त्यातलं क्लोराइड सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत अडकून राहतं आणि पुढे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

आधी तुमच्या चौकटींवर काय आहे ते कळायला हवं. ॲल्युमिनियम कोरं असू शकतं, ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेच्या टाकीत धातूवरच कडक थर चढवलेलं असू शकतं किंवा त्यावर पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी भाजून बसवलेला जाड रंग असू शकतो. पांढरेपणा तिन्हींवर येतो, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा. रंग सांगा, आणि त्या ढब्ब्यात आत काय दिसतंय तेही सांगा.

दगडीपाटा
मी स्वतः केलंय म्हणून सांगतोय. ऐकीव माहिती नाही.

घडीव
तुमच्या चौकटी कोऱ्या चंदेरी होत्या का? आणि पांढरं परत किती दिवसांनी आलं?

दगडीपाटा
हो, चंदेरीच. एक पावसाळा गेल्यावर परत आलं, आधीपेक्षा जरा जास्तच. पण ते हवेमुळे असेल.

सांजवारा
आमचा सरकता पल्ला फार जड चालतो. खालच्या ट्रॅकमध्ये धूळ बसते. मी ती जुन्या टूथब्रशने काढून सिलिकॉन स्प्रे मारते, तेल नाही, कारण तेलावर धूळ चिकटते. तुम्हीही करून बघा.

रानजाई
सांजवारा, त्यांचा प्रश्न पल्ल्याचा नाही, रंगाचा आहे. पण तेलाचं बरोबर बोललात.

उंबरठा
रंग गडद तपकिरी आहे. मला वाटलं होतं मी लिहिलंय. ढब्बा साधारण तळहाताएवढा आहे आणि त्यात चंदेरी दिसतंय. आता तो भाग कसा मिळवायचा? बाकीचं मी जोर लावून काढेन.

घडीव
जोर लावू नका, थांबा. चंदेरी दिसतंय म्हणजे तिथला रंगाचा थर गेला आणि खालचा धातू उघडा पडला.

आता दोन गोष्टी बघा. ढब्ब्याच्या कडेला बॅटरीचा उजेड तिरपा टाका. रंगाची कड पापुद्र्यासारखी उचललेली, नखाला लागेल अशी असेल तर ते पावडर कोटिंग. कड नखाला लागतच नसेल, आणि तपकिरी भागात सेक्शनच्या, म्हणजे चौकटीच्या पट्टीच्या लांबीने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा दिसत असतील, तर ॲनोडाइझ. त्या रेषा धातू साच्यातून दाबून काढतानाच्या असतात. जाड रंगाखाली त्या बुजतात, ॲनोडाइझमधून दिसतात. मग पल्ल्याआड झाकलेल्या कोपऱ्यात नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचा बोळा अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला किंवा बोळ्याला रंग लागला तर तो रंग आहे. ॲनोडाइझला काहीही होत नाही.

चकाकी
मल्टिमीटर लावा ना सरळ! ॲनोडाइझमधून वीज जात नाही, कोऱ्या धातूतून जाते.

घडीव
खरं आहे, पण पावडर कोटिंगमधूनही जात नाही, त्यामुळे या दोघांतला फरक मीटर सांगणार नाही. घासल्यावर थर कुठे संपलाय ते शोधायला मात्र तो फार उपयोगी. टोक दाबू नका, कडेने टेकवा, नाहीतर टोकच थर फोडतं.

उंबरठा
बघितलं. कड नखाला अजिबात लागत नाही. रेषा दिसतात. बोळ्याला काळी घाण लागली, रंग नाही. मीटर ढब्ब्यात वाजतो, बाजूला वाजत नाही.

अजून एक. खालच्या आडव्या पट्टीवर पांढरं सगळ्यात जास्त आहे आणि तिथे वरून ओघळ आल्यासारखे डाग आहेत. मागे खिडकीच्या वरच्या भिंतीला गिलावा केला होता.

घडीव
मग ॲनोडाइझच. ओघळांचा उलगडाही झाला. ओल्या सिमेंटचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं आणि ॲनोडाइझचा थर त्याने कुरतडला जातो. तो थर असतोच साधारण १० ते २५ मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. जिथे फक्त वरवर कुरतडलंय तिथे पृष्ठभाग खरबरीत होतो आणि उजेड विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. पाण्याने ते बारीक खळगे भरतात, म्हणून ओलं असताना रंग परत आल्यासारखा वाटतो.

ओलं करून जिथे रंग पूर्ण गडद दिसतो तिथे रंग अजून शिल्लक आहे. ते भाग वाचवता येतील. सौम्य साबणाने धुऊन वाळवा. मग पांढरा, सर्वांत मऊ नायलॉनचा पॅड आणि गाडीच्या रंगाचं बारीक पॉलिश घेऊन सेक्शनच्या लांबीनेच फिरवा, गोल गोल नाही. हाताला वजन नको. दर आठ-दहा फेऱ्यांनी पुसून बघा. पुसायच्या फडक्यावर पांढरट मळ येतोय तोवर ठीक, तपकिरी छटा दिसली की लगेच थांबा. मग मेण दोन हात लावा. मेण खळग्यांत बसतं आणि ओल्यासारखा गडदपणा टिकवतं. ऊन-पावसात ते उतरतं, तेव्हा परत लावावं लागेल.

लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण धातूत रुततात आणि गंजाचे ठिपके उठतात.

चकाकी
मेणाऐवजी पारदर्शक लॅकर मारला तर कायमचं काम होईल.

रानजाई
मी मारला होता. पुढे काचेच्या रबराजवळून सुटायला लागला आणि खालून पांढरं परत आलं. तो सोलून काढणं मूळ कामापेक्षा कठीण गेलं.

चकाकी
आधी नीट धुतलं नसेल. माझा टिकलाय.

उंबरठा
आज वरच्या पट्टीवर एक वीतभर केलं. एक हात मेणानंतर आतल्या झाकलेल्या भागाच्या जवळपास रंग आलाय. खालच्या पट्टीवर ओघळाच्या जागी मात्र पाणी लावूनही फिकटच दिसतं. आणि ढब्ब्याचं काय?

घडीव
ओलं करूनही फिकट म्हणजे तिथला रंगच गेला. तो भाग आणि ढब्बा पॉलिशने परत येणार नाही. जागेवर ॲनोडाइझ करता येत नाही, ते सेक्शन टाकीत बुडवून करायचं काम आहे.

रंगवायचं तर नुसता ढब्बा रंगवू नका, उन्हात तो वेगळा ओळखू येईल. सांध्यापासून सांध्यापर्यंत अख्खी खालची पट्टी घ्या. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडची चमक मारा, थिनरने पुसा, उघड्या धातूवर पकड देणारा एचिंग प्रायमर आणि वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. पट्टी उन्हाने तापलेली असताना मारू नका.

दगडीपाटा
एका पट्टीला रंग आणि बाकीला मेण, हे एकसारखं दिसेल का? मी असतो तर सगळंच रंगवलं असतं.

घडीव
जवळून फरक दिसेलच, चमक वेगळी असते. पण शाबूत थर खरवडून त्यावर रंग देणं मला पटत नाही. तो थर रंगापेक्षा कितीतरी कडक असतो.

उंबरठा
रविवारी वरच्या आणि उभ्या पट्ट्या मेणावर संपवतो. खालची तशीच ठेवतो, रंगाचा नमुना तिथे धरून बघितल्यावर ठरवेन. वरच्या गिलाव्यातून अजून पाणी झिरपतंय का, तेही आता बघायला लागेल.