गल्लीतल्या वॉचमनचा पगार आणि गेटचा खर्च कसा वाटायचा? मदत हवी आहे

कोपऱ्यावरचा_बंगला:
नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची एक बंद टोकाची गल्ली आहे. 12 प्लॉट. त्यातले 8 साधे बंगले, घरटी एकच कुटुंब. एका बंगल्यात खाली मालक आणि वर दोन भाडेकरू. एका प्लॉटवर 6 फ्लॅटची तीन मजली इमारत. एक घर कायम कुलपात, मालक बडोद्याला असतात. आणि एक प्लॉट मोकळा. सोसायटी वगैरे काही नोंदलेली नाही, सगळा तोंडी कारभार.

रात्री आठ ते सकाळी आठ असा एक वॉचमन आहे. पगार 14,000. त्याच्या साप्ताहिक सुट्टीला दुसरा माणूस येतो, 500 रुपये रात्र, म्हणजे महिन्याला साधारण 2,000. एकूण 16,000. बडोदेकर आणि मोकळ्या प्लॉटवाले काही देत नाहीत, म्हणून उरलेले 10 प्लॉट प्रत्येकी 1,600 देतात.

भांडण असं: इमारतीतली सहा बिऱ्हाडं मिळून 1,600 देतात आणि शेजारच्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरातल्या एकट्या आजीही 1,600 देतात. माणशी वाटू म्हटलं की फ्लॅटवाले चिडतात, चौरस फुटांवर वाटू म्हटलं की मोठे बंगलेवाले. त्यात पावसाळ्यात सरकतं गेट अडकलं, खालची दोन्ही चाकं आणि रूळ बदलायला 9,600 खर्च आला. तो अजून माझ्याच खिशात आहे. शिवाय वॉचमनच्या केबिनचा दिवा-पंखा माझ्या मीटरवर. काय करावं?

फणसाचा_गरा:
यात वाद कसला? कायदाच आहे, सगळ्यांना समान. वॉचमनचा पगार सेवा शुल्कात येतो आणि ते फ्लॅट लहान असो की मोठा, सारखंच घ्यावं लागतं. आमच्या सोसायटीत असंच आहे. 17 बिऱ्हाडं आहेत तर 16,000 भागिले 17, झाले 941. विषय संपला.

ताक_घुसळ:
पार्किंगचे पैसे वेगळे लावा. दोन गाड्यांवाल्यांकडून जास्त घ्या. आमच्याकडे दुसऱ्या गाडीला दुप्पट आहे.

कोपऱ्यावरचा_बंगला:
ताकजी, पार्किंगचा प्रश्नच नाही हो. ज्याची गाडी त्याच्या फाटकाच्या आत.

निवृत्त_हिशेबनीस:
फणस, तुमचं अर्धं बरोबर आहे. समान सेवा शुल्काचा नियम नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, आदर्श उपविधींतला. तीच इमारत अपार्टमेंट कायद्याखाली, म्हणजे 1970 च्या, नोंदलेली असेल तर खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. आणि या गल्लीला दोन्हीतलं काहीच लागू नाही. इथे जे सगळे मिळून कबूल करतील तेच, म्हणून ते कागदावर घ्या.

मी आमच्या गल्लीत बसवलेली पद्धत सांगतो. पगाराचे दोन भाग करा. वॉचमन निम्मं काम गल्लीचं करतो: टोकाला बसणं, गेट लावणं. ते घर कितीही मोठं असलं तरी तेवढंच. उरलेलं निम्मं काम माणसांचं: रात्री उशिरा येणाऱ्याला गेट उघडणं, कोण आलं ते विचारणं. ते बिऱ्हाडांप्रमाणे वाढतं. म्हणून 8,000 प्लॉटवर आणि 8,000 बिऱ्हाडांवर.

10 प्लॉटांवर 8,000 म्हणजे प्लॉटला 800. 17 बिऱ्हाडांवर 8,000 म्हणजे बिऱ्हाडाला 470 आणि काही पैसे. साध्या बंगल्याला 1,270. भाडेकरूंच्या बंगल्याला 2,210. इमारतीला 3,620, म्हणजे फ्लॅटमागे साधारण 600. बेरीज 15,990 येते, दहा रुपये मी आमच्याकडे स्वतः घालतो, कटकट नको म्हणून. चौरस फुटांच्या नादी लागू नका. वरचा मजला नंतर चढवला की प्रत्येक वेळी टेप घेऊन कोण जाणार?

तिसऱ्या_मजल्यावरून:
मी अशाच एका इमारतीत राहते. सध्या तुमच्या फ्लॅटवाल्यांना 267 पडतात, ते 600 होणार. वाईट वाटणारच. पण 941 पेक्षा बरे. एकदम न वाढवता दोन टप्प्यांत न्या, आणि पैसे इमारतीकडून एकरकमी घ्या. सहा दारं वाजवायची वेळ आली की एक तरी चुकतोच.

जुन्या_गावातला:
आमच्या लहानपणी कोल्हापुरात रात्री गुरखा शिट्टी मारत, काठी आपटत फिरायचा. पहिल्या तारखेला दारोदार येऊन ज्याची जी इच्छा ते घेऊन जायचा. कोणी भांडलं नाही. आता हिशेब आला.

कोपऱ्यावरचा_बंगला:
गुरखा फिरून जायचा हो, याला सुट्टी, बदली माणूस आणि दिवाळीचा एक पगार द्यावा लागतो!
हिशेबनीस काका, निम्मं-निम्मं आवडलं. आजींचे 330 वाचतात. पण बडोदेकरांचं काय? रिकामं घर म्हणजे राखण त्यांनाच जास्त. आणि गेट?

निवृत्त_हिशेबनीस:
बडोदेकरांना प्लॉटचा भाग मागा, बिऱ्हाडाचा नको, कारण तिथे कोणी राहत नाही. ते आले तर 8,000 भागिले 11, सगळ्यांचे 70-75 रुपये कमी होतील. नाही म्हटले तर जबरदस्ती करता येणार नाही. फोन करणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवून बोलावं.

गेट पूर्ण प्लॉटवर टाका, कारण गेट वापरानं कमी आणि पावसानं जास्त झिजतं. 9,600 म्हणजे दहा जणांना 960, एकदाच. पुढे रुळातला चिखल पावसाळ्यात दर आठवड्याला काढायला वॉचमनला सांगा. गेट एका हातानं सरकेनासं झालं किंवा एका बाजूला करकरलं की चाकाचं बेअरिंग गेलं समजा. तेव्हाच चाक बदललं तर रूळ वाचतो. तुमचा दोन्हीचा खर्च झाला तो बहुधा उशीर झाल्यामुळे. आणि तुमच्या मीटरचे दरमहा जे काही ठरवाल ते तुमच्या वर्गणीतून वळते करा, फुकट देऊ नका. त्यातून पुढे कुरबुर होते.

मोकळ्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की वाळूचा ट्रक गेट ठोकणार. तेव्हाचा खर्च ज्याचा ट्रक त्याचा, हे आत्ताच लिहून ठेवा.

फणसाचा_गरा:
एजन्सीकडून घ्या ना वॉचमन. सुट्टी, बदली सगळी त्यांची डोकेदुखी.

निवृत्त_हिशेबनीस:
घेता येतो. पण बिलावर 18 टक्के जीएसटी आणि एजन्सीचा वाटा. शिवाय 2005 च्या कायद्याखालचा परवाना तिच्याकडे आहे का ते बघावं लागतं. 16,000 मध्ये बसणार नाही.

तिसऱ्या_मजल्यावरून:
एक विचारू का? तो रस्ता नक्की तुमचा आहे ना? मंजूर लेआउटमध्ये खासगी अंतर्गत रस्ता आहे की महापालिकेकडे गेला आहे? पालिकेचा असेल तर गेट लावणंच अडचणीचं, कोणी तक्रार केली की उचलून नेतील. आणि रात्री कुलूप असेल तर किल्ली वॉचमनच्याच खिशात हवी, रुग्णवाहिकेला थांबावं लागू नये.

कोपऱ्यावरचा_बंगला:
बापरे. गेट 2014 च्या आसपास बसवलं, तेव्हा कोणी विचारलंच नाही. दिवाबत्ती पालिकेची आहे एवढं माहीत आहे. लेआउटचा नकाशा भाडेकरूंच्या बंगल्याच्या मालकांकडे आहे म्हणतात, उद्या मागतो. तोवर 960 मागू की थांबू?

निवृत्त_हिशेबनीस:
मागा. चाकं तर बसवून झालीत.