इन्स्टा परत मिळवायला दोन मित्र निवडा म्हणालंय, कुणाला निवडू? (बजेट दोन हजार)

कापशी_पायताण
नमस्कार मंडळी. सुभाषनगरातल्या कारागिरांकडनं कापशी चप्पल घेऊन ऑनलाइन विकते, सगळी गिऱ्हाईकं इन्स्टावर. परवा रात्री फोन धाकट्या भावाकडं होता, त्यावर माझ्या मैत्रिणीचा मेसेज आला, नवीन फोन घेतलाय, लॉगिन होईना झालंय, मदतीला इन्स्टानं दोन नावं दाखवलीत त्यात तुझं आहे, तुला एक लिंक येईल, तिच्यावर दाबू नको, नुसता स्क्रीनशॉट पाठव. एसएमएस आला, पठ्ठ्यानं पाठवला. जेवण होईस्तोवर माझं अकाउंट बंद, ईमेल न नंबर दोन्ही बदललेले, आणि आता माझ्या नावानं गिऱ्हाईकांना तसलाच मेसेज चाललाय.

instagram.com/hacked वर गेले तर तिथं पण दोन मित्र निवडा म्हणालंय. म्हणजे हे पण तसलंच का काय? खरं असलं तर कुणाला निवडू? आणि एकजण सहा हजारात काढून देतो म्हणालाय, बजेट माझं दोन हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. लग्नसराई तोंडावर आहे, लवकर सांगा.

रंकाळा_वारा
ताई टेन्शन घेऊ नका, हे ट्रस्टेड कॉन्टॅक्ट म्हणतात त्याला. तीन ते पाच मित्र आधी लावून ठेवायचे, त्यांच्याकडं कोड येतात, ते गोळा करून टाकले की अकाउंट उघडतंय. माझं २०१६ ला असंच उघडलेलं, एक मित्र मिलिटरीत होता तरी त्यानं कोड सांगितला.

गुजरीतला_मामा
आयफोन घ्या. विषय संपला.

कापशी_पायताण
मामा बजेट दोन हजार लिहिलंय वर 🙏

गुजरीतला_मामा
ईएमआयवर मिळतो. मी घेतला, त्यात रिकव्हरी कॉन्टॅक्ट म्हणून बायकोला लावलंय. पासवर्ड विसरलो तर तिच्या फोनवर सहा आकडी कोड निघतो, ती वाचून दाखवती, मी टाकतो. एकदा करून बघितलंय, मस्त चाललं.

लूम_इचलकरंजी
माझ्या व्हॉट्सॲपचं सेम झालेलं. परत आपला नंबर टाकून रजिस्टर करायचं, एसएमएसचा सहा आकडी कोड टाकायचा, समोरचा आपोआप बाहेर पडतो. पण त्यानं आत जाऊन पिन लावला असला तर सात दिवस थांबायला लागतंय. मी थांबलो. सात दिवस यार्नच्या पार्टीवाल्यांचे फोन घेऊन घेऊन कान गेले, आणि एका पार्टीनं त्या भामट्याला पैसे पण घातले, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. ताई तुम्ही पण नंबर परत रजिस्टर करा.

कापशी_पायताण
दादा माझं व्हॉट्सॲप ठीक आहे, इन्स्टा गेलंय.

शाहूपुरी_नेट
रंकाळाभाऊ, तुम्ही म्हणताय ते फेसबुकचं होतं आणि ते २०२२ ला बंद झालं. इन्स्टाचं वेगळं आहे, आधी काही लावून ठेवायला लागत नाही, अकाउंट गेल्यावर दोन ओळखीचे निवडायचे. सगळ्यांना हा पर्याय दिसत नाही, ताईंना दिसतोय तर वापरा.

आता खरं खोटं कसं ओळखायचं, कारण चोरानं ह्याच सोयीचं नाव वापरलंय. भावानं ज्याचा फोटो पाठवला ती लिंक मैत्रिणीची नव्हतीच, ती तुमच्याच अकाउंटची होती. चोरानं पासवर्ड विसरलो म्हणून तुमचं युजरनेम टाकलं, इन्स्टानं नेहमीसारखी तुमच्या नंबरावर ig.me ची लिंक पाठवली. फोटोत दिसणारी अक्षरं त्यानं आपल्या ब्राउझरात टाइप केली आणि आत आला. दाबू नको का म्हणाला? तुम्ही दाबली तर ती तुमच्याच फोनवर उघडती, समोर नवीन पासवर्ड टाका येतंय, आणि तुमच्या लक्षात येतं की हे तर माझ्याच अकाउंटचं आहे. मैत्रिणीचं अकाउंट त्याच्या आधीच गेलेलं असणार, तिला साधा फोन लावून विचारा.

खऱ्या पद्धतीत मित्राला काहीच पाठवायचं नसतं. त्याच्या इन्स्टात विनंती येती, हे तुम्हीच आहात का एवढं विचारतात, तो हो म्हणतो. लिंक, कोड, फोटो असलं काही मागितलं की समजायचं चोर आहे. दोघांनीही २४ तासात हो म्हणायला लागतंय, एकानं म्हणून चालत नाही. नाही झालं तर दुसरे दोघं निवडता येतात.

रंकाळा_वारा
तेच म्हणालो की मी, मित्र लागतात.

काकू_उजळाईवाडी
कुणालाही कोड सांगायचा नाही, कुणालाही म्हणजे कुणालाही. आमच्या पोराला पुण्यात शिकवलंय कंपनीत. बँकवाले पण तेच सांगतात.

गुजरीतला_मामा
मग बायकोनं मला सांगितलेला कोड काय चोरीचा?

काकू_उजळाईवाडी
बायको असली म्हणून काय झालं.

शाहूपुरी_नेट
काकू, एसएमएसनं आपणहून आलेल्या कोडबद्दल तुमचं बरोबर आहे. पण ॲपलमध्ये कोड देणं हीच पद्धत आहे, मदत करणारा आपल्या सेटिंगमध्ये जाऊन तो काढतो आणि मालकाला सांगतो. गुगलनं ऑक्टोबर २०२५ ला आणलंय ते उलटं, आकडा मालकाच्या स्क्रीनवर येतो, मालक तो मित्राला सांगतो, मित्र आपल्या फोनवर तोच निवडतो, पंधरा मिनिटांत. म्हणून नुसतं कोड द्यायचा नाही एवढं पाठ करून भागत नाही. मेसेजवर मागितला तर फोन लावायचा, आवाज ऐकायचा, आणि मगच. मामा, मामींना हे सांगून ठेवा, तुमच्या नावानं कुणी मेसेज केला तर त्या पटकन वाचून दाखवतील.

गुजरीतला_मामा
ती मला पण पटकन वाचून दाखवत नाही.

फास्ट_रिकव्हरी_एक्स्पर्ट
१०० टक्के गॅरंटी. इन्स्टा, फेसबुक, जीमेल. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. इनबॉक्स या.

लूम_इचलकरंजी
आला बघा दुसरा. भावा तुझं खातं कालच उघडलंय.

नियामक
वरचं खातं बंद केलंय. प्रतिसाद नमुन्यासाठी ठेवलाय.

काकू_उजळाईवाडी
असल्यांना पैसे देऊ नका. ताई सहा हजारवाला पण असलाच असणार.

शाहूपुरी_नेट
असलाच आहे. हे लोक अर्धे पैसे घेतात, मग "व्हेरिफिकेशनसाठी" तुमचा ईमेल पासवर्ड नाहीतर ओटीपी मागतात. बाहेरच्या कुणाकडं इन्स्टाचं मागचं दार नसतंय. तुमचे दोन हजार पण वाचवा, ह्या कामाला पैसे लागत नाहीत.

बिंदू_चौक
तुम्ही सगळे मित्रांवरच बसलाय. ईमेल बदलला की जुन्या ईमेलवर security@mail.instagram.com कडनं मेल येतो, ईमेल बदललाय म्हणून, त्यात बदल मागं घ्यायची लिंक असती. ती चालली तर मित्र बित्र काही लागत नाही. इन्स्टा लावलेला जुना ईमेल बघितला का? स्पॅममध्ये पण बघा.

कापशी_पायताण
तो ईमेल ज्या मोबाइल दुकानवाल्यानं फोन दिला त्यानंच काढून दिलेला. पासवर्ड त्याच्या वहीत. दुकान बंद होऊन वर्ष झालं, आता तिथं मोमोजचा गाडा आहे.

बिंदू_चौक
मग ह्या जन्मी नाही. सगळ्या जिल्ह्याची हीच रड आहे, ईमेल दुकानदाराचा आणि पासवर्ड मोबाइल नंबर.

शाहूपुरी_नेट
मग मित्रच. निवडताना तीन गोष्टी बघा. दोघांचं स्वतःचं अकाउंट धड असलं पाहिजे, म्हणजे तुमच्या नावानं जो मेसेज गेलाय त्याला ज्यांनी स्क्रीनशॉट पाठवला ते नकोत, त्यांची खाती आता त्याच टोळीकडं असतील. दोघं रोज इन्स्टा उघडणारे पाहिजेत. आणि विनंती पाठवायच्या आधी दोघांना फोन करून सांगा, आत्ता येईल, तेवढी एकच मान्य करा. मोबाइलमधलं कळणारं पोरगं बघा एखादं.

रंकाळा_वारा
मला निवडा ताई, रात्री दोनपर्यंत ऑनलाइन असतो.

शाहूपुरी_नेट
अनोळखी माणसाला निवडायचं नाही. भाऊ, तुम्ही चांगले असाल पण नाही.

कापशी_पायताण
ठरलं. एक निपाणीची जुनी गिऱ्हाईक आणि एक गडहिंग्लजची मावशी.

बिंदू_चौक
मावशी?? मोबाइलमधलं कळणारं कुणी नाही का घरात?

कापशी_पायताण
मोबाइलमधलं कळणारा भाऊच आहे, त्यानंच स्क्रीनशॉट पाठवलाय. मावशीला काही कळत नाही म्हणून ती विचारल्याशिवाय काही दाबत नाही.

*(दुसऱ्या दिवशी)*

कापशी_पायताण
निपाणीच्या वहिनींनी लगेच केलं. मावशीनं नाही केलं. मामेभावानं तिला सांगून ठेवलंय की इन्स्टावर कसलंही हो म्हणायचं नाही, सगळं फ्रॉड असतंय. मी फोन केला तर म्हणाली, तू खरंच तूच आहेस का, तुझा आवाज बसलाय. २४ तास गेले.

काकू_उजळाईवाडी
मावशींचं कौतुक आहे. कुणालाही काही सांगायचं नाही.

बिंदू_चौक
सांगितलेलं. आता एखादं पोरगं घ्या.

कापशी_पायताण
परत मावशीच. ह्यावेळी व्हिडिओ कॉल लावून करणार.

*(आणखी दोन दिवसांनी)*

कापशी_पायताण
उघडलं!! मावशीनं आधी तिच्या लग्नात मी काय सांडलेलं ते विचारलं, मग दाबलं. पासवर्ड बदलला. आत गेल्यावर एक ईमेल दिसतोय तो माझा नाही, काढू का?

शाहूपुरी_नेट
काढाच, पण आधी तुमचा नवीन ईमेल बनवून तो जोडा, ह्यावेळी स्वतः बनवा आणि पासवर्ड स्वतःकडं ठेवा. मग लॉगिन कुठं कुठं चालू आहे ती यादी बघा, तुमचा फोन सोडून सगळे बाहेर काढा. अकाउंट्स सेंटरमध्ये अनोळखी अकाउंट जोडलंय का ते बघा, चोर तिथनं परत येतात. आणि टू-फॅक्टर बघा. त्यानं आपलं ऑथेंटिकेटर ॲप लावलं असेल तर ते काढून तुमचं लावा, बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा.

कापशी_पायताण
अनोळखी एक जोडलेलं होतं, काढलं. टू-फॅक्टर नाही लावणार. भाऊ दुपारी ऑर्डरी बघतो, दर वेळी कोडसाठी मला फोन करायला लागेल.

बिंदू_चौक
अहो ताई.

शाहूपुरी_नेट
त्याचा फोन एकदा विश्वासू म्हणून लावला की दर वेळी मागत नाही. विचार करा.

लूम_इचलकरंजी
भावाला चप्पल दाखवा, विकायची ती.

कापशी_पायताण
लग्नसराई झाली की बघते. दुसरं एक, दोन गिऱ्हाइकांनी चोराच्या क्यूआरवर ॲडव्हान्स टाकलाय, ती आता माझ्याकडं चप्पल मागालीत. काय करू?

शाहूपुरी_नेट
ज्यांचे पैसे गेले त्यांनीच १९३० ला फोन करायचा, आजच्या आज, नाहीतर cybercrime.gov.in वर. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवायला सांगा. चोराच्या क्यूआरचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट तुम्ही त्यांना द्या. चप्पल द्यायची का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

काकू_उजळाईवाडी
द्यायची नाही. आपण काय घेतलेत का पैसे.

गुजरीतला_मामा
द्यायची. धंद्यात नाव राहतंय. मी असतो तर दिली असती.

काकू_उजळाईवाडी
मग द्या की तुम्ही, आयफोनवाले.

लूम_इचलकरंजी
ताई ते होईल तेव्हा होईल, कापशी नऊ नंबर आहे का? पैसे हातात देतो, क्यूआर नको.