वेशभूषा स्पर्धेआधी लेकीच्या फोटोवर पोशाख चढवून बघणं: सोय की नसता उद्योग?

केजीवाल्याची_आई: लेक पाच वर्षांची, पुढच्या शुक्रवारी शाळेत वेशभूषा. वासुदेव, गाडगेबाबा की मक्याचं कणीस, ठरत नाहीये. तीन ड्रेसचं भाडं भरण्यापेक्षा घरच्या लॅपटॉपवर तिच्या फोटोवर पोशाख लावून बघावेत म्हणते. नवरा म्हणतो, लेकराच्या फोटोशी असले खेळ नकोत. तुमचं मत?

सुमनमावशी: पोर समोर उभं असताना फोटो कशाला? जुनं धोतर गुंडाळा, डोक्यावर टोपली ठेवा, आरशासमोर उभं करा. पोशाख टोचतो का, हात वर होतो का, पोरगी त्यात जमिनीवर बसू शकते का, हे फोटो सांगणार आहे होय? माझ्या नातवाला परी-बिरी नाही, झाड केलं होतं. पुठ्ठ्याचा बुंधा दिसायला झकास, पण पायऱ्या चढता येईनात. शेवटी उचलून स्टेजवर ठेवला.

डीटीपीवाला_दादा: मावशी, टोचण्याचं अगदी खरं. पण प्रमाण आरशात कळत नाही, कारण टोपली म्हणजे वासुदेवाची टोपी नव्हे. मी GIMP हा फोटो एडिट करायचा प्रोग्रॅम वापरतो, फुकट आहे आणि इंटरनेट बंद ठेवूनही चालतं. मुलीला साध्या भिंतीपुढे, अंगाबरोबर कपडे घालून उभं करा. तीन मीटर लांब जा आणि कॅमेरा तिच्या पोटाच्या उंचीवर धरा. आपण उभ्याउभ्या वरून फोटो काढतो तेव्हा डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, मग सगळं माप फसतं.

आता हिशेब. समजा मुलगी 104 सेंमी आहे आणि फोटोत डोक्यापासून टाचेपर्यंत 1560 पिक्सेल भरते. म्हणजे एका सेंटिमीटरला 15 पिक्सेल. दुकानदाराला टोपीची उंची विचारा. 35 सेंमी म्हणाला, तर टोपीचं चित्र वेगळ्या लेयरवर 525 पिक्सेल उंच करून डोक्यावर बसवा. या वयात हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण 19 सेंमी असतात, म्हणजे टोपी चेहऱ्याच्या जवळपास दुप्पट. मोरपिसांचा डोलारा आणि खाली इवलंसं तोंड! तिथेच कळतं की 20-22 सेंमीची टोपी घरी पुठ्ठ्याची करावी.

नाशिकची_पल्लवी: मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून एडिट करा, संपलं. फोटो कुठे जातच नाही.

डीटीपीवाला_दादा: करताना जात नाही. नंतर वायफाय लागलं आणि गॅलरीचा आपोआप बॅकअप चालू असेल, तर मूळ आणि एडिट केलेला दोन्ही फोटो वर जातात. त्या फोल्डरचा बॅकअप आधी बंद करा. आणखी एक, GIMP च्या .xcf फाइलमध्ये खालच्या लेयरवर मूळ फोटो तसाच असतो. कुणाला दाखवायचं तर नवी JPEG काढा आणि एक्स्पोर्ट करताना Exif, म्हणजे फोटोसोबत साठवलेली माहिती, त्यापुढची टिकची खूण काढून टाका, त्या माहितीत घराचं ठिकाण असू शकतं. काम झालं की .xcf उडवा.

पल्लवी: बॅकअपचं लक्षातच आलं नव्हतं. आमचं सगळं वर गेलेलं असणार. 🙈

जोशीकाका: अहो, एडिट केलेला फोटो स्पर्धेला पाठवणं ही फसवणूक आहे! परीक्षकांना लगेच कळतं.

केजीवाल्याची_आई: काका, पाठवायचा नाहीये, घरात बघायचा आहे. स्पर्धा स्टेजवरच आहे.

बाबा_दोघांचा: माझा नवऱ्याला पाठिंबा. लॅपटॉपवर कितीही सांभाळा, दुसऱ्या दिवशी आजी तो फोटो गावभरच्या ग्रुपवर टाकणार. चेहरा हवाच कशाला? फोटोवरून नुसती बाह्यरेखा काढा, आत राखाडी रंग भरा आणि त्यावर टोपी बसवा. प्रमाण तेवढंच कळतं.

डीटीपीवाला_दादा: टोपी, अंगरखा यांना बाह्यरेखा पुरते, मान्य. दाढी-मिशीला चेहरा लागतो.

शाळेतली_ताई: गाडगेबाबा ठरवत असाल तर एक सांगते. फोटोत मुलीचा रंग काळा करून बघू नका, चेहऱ्याला काळं फासूही नका. वर्गात काही मुलं सावळीच असतात, ती बघत असतात. गाडगेबाबा ओळखू येतात ते चिंध्यांच्या गोधडीने, हातातल्या झाडूने, डोक्यावरच्या खापराने. एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, एवढं पुरे. लेकराच्या कानात खरी काच मात्र नको, रंगीत कागदाचा तुकडा चिकटवा. खापरही कागदाच्या लगद्याचं करा.

सुमनमावशी: आणि पोरीला विचारलंत का कुणी?

केजीवाल्याची_आई: विचारलं मावशी. राखाडी बाह्यरेखा दाखवली तर म्हणाली, "ही मी नाहीच." म्हणून चेहऱ्यासकट फक्त लॅपटॉपवर दाखवला. 35 सेंमीच्या टोपीत स्वतःला बघून हसून लोळली. आता म्हणते, वासुदेवच, आणि टोपी तीच मोठी. मी 22 ची करतेय. नवरा अजून फुरंगटलेला आहे. मक्याचं कणीस मात्र बाद झालं, मापाने लावल्यावर त्यात हातच दिसेनात.

सुमनमावशी: टोपी झाली की हनुवटीखाली नाडी बांधा आणि घरात दहा मिनिटं चिपळ्या वाजवत फिरू दे. घसरली तर आतून फोम लावा.